एका क्रमांकाची दोन खाती

दादरच्या भवानी शंकर रस्त्यालगतच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिच्या दोन खोल्यांत पैशाविषयीची पहिली समजूत माझ्या मनात रुजली ती वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक हिशेबपत्रकामुळे. वडील राज्य सरकारच्या नोकरीत होते. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा, आईच्या दुखण्यात आणि पुढे माझ्या शिक्षणासाठी त्यांनी कचेरीत अर्ज केला, साहेबांची मंजुरी आली आणि कधी फेडीच्या बोलीवर, तर कधी फेड न करण्याच्या बोलीवर रक्कम हातात पडली. असे असूनही निवृत्तीनंतर त्यांना दरमहा ठरलेले निवृत्तिवेतन मिळालेच, कारण निधी वेगळा होता आणि निवृत्तिवेतन वेगळे होते. एकातून कितीही काढले तरी दुसऱ्याला धक्का पोहोचत नसे.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात 2009 च्या ऑगस्टमध्ये रुजू झालो. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांना, सैन्यदले वगळता, राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झालेली असल्यामुळे माझ्या वाट्याला वडिलांचे ते दुहेरी छत्र आले नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिचा दहावा हिस्सा माझ्या पगारातून कापला जाई आणि तितकाच हिस्सा सरकार घाली. 1 एप्रिल 2019 पासून सरकारचा हिस्सा 14 टक्के झाला. हे सारे बारा अंकी प्राण क्रमांकाच्या खात्यात साठते आणि त्या साठ्यातूनच पुढे निवृत्तिवेतन विकत घ्यावयाचे असते. माझ्या पिढीपुरता निधी आणि निवृत्तिवेतन यांचा असा एकच पिंड झाला आहे, आणि आज निधीला हात लावणे म्हणजे उद्याचे निवृत्तिवेतन कापणे होय. पहिल्या स्तराला, म्हणजे ज्याला आम्ही कचेरीत सरसकट ‘टियर वन’ म्हणतो त्याला, एवढे भक्कम कुलूप का आहे हे एकदा असे पाहिले म्हणजे उमगते. मला मात्र ते उमगावयास पंधरा वर्षे लागली.

दुसऱ्या स्तराचे खाते, टियर टू, मी 2014 च्या सप्टेंबरात उघडले. पहिल्या स्तराचे खाते चालू असल्याखेरीज हे उघडता येत नाही. त्याला प्राण क्रमांक तोच, पण त्यात पगारातून सक्तीने काही जात नाही, सरकार त्यात पैसाही घालीत नाही, आणि त्यातली रक्कम केव्हाही, कितीही वेळा, कारण न सांगता काढता येते. मी त्यात दरमहा दीड हजार रुपये भरू लागलो. दोन्ही खात्यांना निरनिराळे बँक खाते जोडता येते, त्यामुळे पहिल्या स्तराला माझे 2009 चे पगाराचे खाते जोडलेले राहिले आणि दुसऱ्याला घराजवळच्या बँकेतले नवे खाते जोडले गेले. ही गोष्ट तेव्हा मला इतकी क्षुल्लक वाटली की मी ती विसरूनही गेलो.

2017 च्या जून महिन्यात आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची वेळ आली. तात्पुरत्या भाड्याच्या घराची अनामत भरण्यास पन्नास हजार कमी पडत होते. टियर वनमधून काही काढता येईल काय, अशी मी कचेरीत विचारणा केली तेव्हा दोन भिंती एकदम पुढे उभ्या राहिल्या. त्या काळी अंशतः रक्कम काढण्यापूर्वी योजनेत दहा वर्षे पुरी व्हावी लागत आणि माझी आठही झाली नव्हती; त्याच वर्षी पुढे ही मुदत तीन वर्षांवर आली, पण मला तिचा उपयोग नव्हता. दुसरी भिंत अधिक पक्की होती. घर विकत घेणे किंवा बांधणे हे कारण नियमात बसते, तेही आधी स्वतःचे घर नसेल तर. भाड्याच्या घराची अनामत हे कारण तिथे नाहीच. मुलांचे उच्च शिक्षण, मुलांचे लग्न, पहिले घर, नियमांत नावानिशी सांगितलेले गंभीर आजार आणि अशीच मोजकी निमित्ते सोडली तर हे दार तेव्हा उघडत नसे. ते पन्नास हजार मी टियर टूमधून काढले. तिथे मला कोणी कारण विचारले नाही.

या दुसऱ्या स्तराचीही एक मर्यादा आहे, आणि ती मला 2020 च्या मार्चमध्ये दिसली. मी त्यातला बराचसा पैसा समभागांच्या योजनेत ठेवला होता. टाळेबंदीच्या त्या दिवसांत बाजार कोसळला आणि माझ्या खात्याचा आकडा पाहता पाहता घसरला. दार उघडे होते, पण त्या दिवशी दारातून बाहेर येणारा पैसा आत गेलेल्या पैशाहून कमी असता, कारण आपल्या नावावर असतात ती एकके, आणि त्यांचे मोल रोजच्या एन.ए.व्ही.प्रमाणे ठरते. बाजार सावरल्यावर मी ती रक्कम सरकारी रोख्यांच्या योजनेत वळवली. रोख्यांचे मोलही व्याजदरांप्रमाणे थोडे हलते, पण अडीअडचणीला लागणारा पैसा समभागांत ठेवू नये, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.

आता 2024 च्या पावसाळ्याकडे येतो. मुलीला पुण्याच्या एका खासगी संस्थेत प्रवेश मिळाला. शुल्क, वसतिगृह आणि इतर खर्च मिळून 3,40,000 रुपये लागणार होते. त्यांपैकी 1,30,000 रुपये 12 जुलैपर्यंत आणि उरलेले ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरावयाचे होते. माझ्या टियर वनच्या विवरणपत्रात सुमारे साडेअठ्ठावीस लाखांचा आकडा होता आणि नियमात पंचवीस टक्के हा शब्द मी अनेकदा ऐकला होता, म्हणून सात लाख तर सहज मिळतील अशा भरवशावर मी मुलीला ‘काळजी करू नकोस’ असे सांगून मोकळा झालो. 24 जूनला अर्ज घेऊन लेखाशाखेत गेलो तेव्हा तिथल्या अनुभवी बाईंनी विवरणपत्र उलटे फिरवून एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही खालची बेरीज पाहता, नियम ही ओळ पाहतो.”

ती ओळ माझ्या स्वतःच्या अंशदानाची होती. पंधरा वर्षांत माझ्या पगारातून कापले गेलेले होते 7,92,000 रुपये. सरकारने घातलेले साडेनऊ लाखांच्या आसपासचे रुपये आणि एकूण ठेवीवर झालेली सुमारे अकरा लाखांची वाढ या दोहोंना ही सवलत स्पर्शही करीत नाही. 7,92,000 चा चौथा हिस्सा 1,98,000 रुपये होतो, आणि तेवढीच माझी कमाल मर्यादा होती. बाईंनी आणखी दोन गोष्टी समजावल्या: अशी रक्कम त्या वेळच्या नियमाने साऱ्या सभासदत्वात तीनदाच काढता येत असे, आणि पुढच्या खेपेचा चौथा हिस्सा या खेपेनंतर जमणाऱ्या माझ्या अंशदानावरच मोजला जाईल. सात लाखांच्या जागी दोन लाखांहूनही कमी! घरी जाताना मला फुलबाजाराची गर्दीही जाणवली नाही.

सरकारी सभासदाला हा अर्ज स्वतःच्या घोषणेवर परस्पर करता येत नाही. करोनाच्या काळात तशी सोय होती, ती 1 जानेवारी 2023 पासून बंद झाली. त्यामुळे प्रवेशपत्र आणि शुल्काचा दाखला जोडून माझा अर्ज आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून वेतन व लेखा कार्यालयाकडे गेला, आणि 3 जुलैला परत आला. कारण लहान होते. रक्कम पाठवण्यापूर्वी नोंदलेल्या बँक खात्यात नाममात्र रक्कम टाकून खाते चालू आहे का आणि नाव जुळते का हे पडताळले जाते, ज्याला ‘पेनी ड्रॉप’ म्हणतात. आणि पहिल्या स्तराला जोडलेले ते 2009 चे पगाराचे खाते मी स्वतःच कित्येक वर्षांपूर्वी बंद केले होते. पगार नव्या खात्यात येत राहिला, म्हणून जुन्या नोंदीची मला कधी आठवणच झाली नाही. बँकेचा तपशील बदलण्याचा अर्ज रद्द केलेल्या धनादेशासह पुन्हा कचेरीमार्फतच करावयाचा होता.

माझ्या या खात्याचे सारे दप्तर ज्या मध्यवर्ती अभिलेख संस्थेत सांभाळले जाते तिचे कार्यालय लोअर परळला, सेनापती बापट मार्गावरच्या कमला मिलच्या आवारात, म्हणजे दादरहून सहज चालत जाण्याजोगे. मला त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहावेसे वाटले; पण नोंद बदलते ती कचेरीच्या शिक्क्याने, आणि त्यासाठी वाट पाहणेच भाग होते.

5 जुलैच्या रात्री, शुक्रवारी, मी टियर टूमधून 1,30,000 रुपये काढण्याची मागणी संगणकावर नोंदवली. त्या खात्यात तेव्हा सुमारे पावणेदोन लाख होते. मोबाइलवर आलेला ओटीपी भरला आणि काम संपले. जोडलेले बँक खाते चालू होते, नाव जुळत होते. 10 जुलैला, म्हणजे तिसऱ्या कामाच्या दिवशी, पैसे जमा झाले आणि 11 तारखेला मुलीचा पहिला हप्ता भरला गेला. मुलगी म्हणाली, “बाबा, हे दुसरे खाते कधी काढलेत तुम्ही?” त्या प्रश्नाने मला फार समाधान वाटले हे मोकळेपणाने सांगतो.

मधल्या दिवसांत मी नोकरीच सोडून सारी रक्कम मोकळी करण्याचा विचारही बोलून दाखवला, तेव्हा त्याच बाईंनी मला थांबवले. माझ्यासारख्या सरकारी सभासदाने मुदतीपूर्वी बाहेर पडावयाचे म्हटले, तर माझ्याएवढ्या मोठ्या रकमेतला पाचवा हिस्साच रोख मिळतो आणि उरलेल्या 80 टक्क्यांचे वार्षिकी निवृत्तिवेतन घ्यावे लागते. तेच वेळेवर निवृत्त होणाऱ्यास 60 टक्क्यांपर्यंत रोख आणि किमान 40 टक्क्यांची वार्षिकी, असे प्रमाण असते. साडेअठ्ठावीस लाखांवर हा फरक रोखीपुरता अकरा लाखांच्या पुढे जातो, हे त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर मांडून दाखवले. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

दुरुस्ती मंजूर झाली, अर्ज पुन्हा चढला, पडताळणी पार पडली आणि 6 ऑगस्टला 1,98,000 रुपये आले. दोन्ही स्तरांचे मिळून 3,28,000 झाले. कमी पडलेले बारा हजार पगारातून घातले. जूनपर्यंत जमलेले माझे अंशदान त्या एका उचलीने संपले असे नव्हे, पण तेव्हाच्या नियमातल्या तीनपैकी एक संधी संपली, आणि धाकट्या मुलाच्या शिक्षणाच्या वेळी हिशेब नव्या अंशदानावर होईल.

ज्यांच्या पगारातून अशी कपात होते त्यांना माझी विनंती आहे की विवरणपत्रातली स्वतःच्या अंशदानाची ओळ शोधून तिचा चौथा हिस्सा लिहून ठेवावा, आणि दोन्ही स्तरांना कोणते बँक खाते जोडले आहे, ते अजून चालू आहे काय, हे गरज पडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.