दऱ्यांत भरलेलं पाणी

गेल्या महिन्यात माझं एक्सपीचं मशीन गेलं. हार्ड डिस्क दोन दिवस कटकट करत होती, तिसऱ्या दिवशी गप्प झाली. अक्षरजुळणीच्या कामासाठी ते केव्हाच निवृत्त झालं होतं. मी ते ठेवलं होतं फक्त परीक्षेला. इथून बाहेर पडणारा प्रत्येक मजकूर आधी त्याच्यावर उघडायचा. तिथे धड दिसला तर जगात कुठेही दिसेल, असा माझा हिशेब. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलगी म्हणाली, "बरं झालं काका. आता तरी तुम्ही 'ॲ'ला सरळ 'ॲ' लिहाल."

बोलणं लागलं, कारण खरं होतं.

आमच्या धंद्यात पडद्यावरचं दुखणं लांबूनच ओळखता येतं. प्रश्नचिन्हांची रांग दिसली की मजकूर गेला; कोणताही फॉन्ट टाका, तो परत येत नाही. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहिली, तर मजकूर शाबूत आहे, पण अक्षरं जुळवणारं यंत्रच झोपलेलं आहे. एक्सपीवर त्यासाठी भाषांच्या खिडकीत जाऊन खूण करावी लागे आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी कुणाकडेच नसे. आणि सगळं नीट असताना मध्येच एखादा रिकामा चौकोन दिसला, तर त्या फॉन्टात तेवढं एकच अक्षर नाही.

हा एकच चौकोन माझ्या आयुष्यात पंधरा वर्षं ठाण मांडून बसला.

एका तालुक्याच्या ग्रंथालयाची सूची मी जुळवली होती. तिथल्या जुन्या मशीनवर ती उघडली आणि प्रत्येक 'ॲडव्होकेट'च्या डोक्याशी चौकोन. 'ऑ' मात्र ठणठणीत. कारण साधं आहे. 'ऑ' हिंदीलाही लागतो, म्हणून युनिकोडमध्ये तो पहिल्यापासून आहे. आपला 'ॲ' तिथे आला २००८ साली, U+0972 या क्रमांकावर. एक्सपी बाजारात आली २००१ साली. तिच्या फॉन्टाला हे अक्षर माहीत असण्याचं कारणच नव्हतं. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना जागा दिली. पण सरकारी आदेशाने जुन्या मशीनमधला फॉन्ट बदलत नाही.

काहीजण तिथे 'ए'वर चंद्र देऊन वेळ मारून नेत. मला ते सहन होत नव्हतं. मी 'अ' घेतला आणि त्याच्यावर सुटा चंद्र ठेवला. चौकोन गेला. ग्रंथपालबाईंनी चहा पाजला, आणि मी घरी येताना स्वतःवर इतका खूश होतो की दोनदा रस्ता चुकलो.

पुढे नव्या ब्राउझरांना ही जोडी खपेना. स्वरावर वेगळी स्वरखूण बसत नाही, असा त्यांचा नियम. ते 'अ' आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचं वर्तुळ आणून उभं करू लागले. मग कुणीतरी सांगितलं, मध्ये एक अदृश्य जोडखूण घाला, U+200D, वर्तुळ जातं. घातली. आता माझ्याकडच्या फायलींत 'ॲ' तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. डोळ्यांना तिन्ही सारखे, शोधताना तीन वेगळे. नव्या फोनवरून 'ॲडव्होकेट' टाइप करणाऱ्या वाचकाला सूचीतले निम्मे ॲडव्होकेट सापडेनात. चौकोन असता तर निदान काहीतरी बिघडलंय हे दिसलं असतं.

त्यावेळी मी ग्रंथालयाच्या मशीनवर 'ॲ' असलेला एखादा नवा फॉन्ट का टाकला नाही? मुलीने हेच विचारलं. मी म्हटलं, मशीन सहा होती. खरं उत्तर असं की फॉन्ट टाकणं हे कुणाही पोराचं काम; मजकुरात हात घालून चौकोन घालवणं ही कारागिरी, असं मला वाटत होतं.

ही कारागिरी भोवली ती एका भटक्या मास्तरांच्या पुस्तकात. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर त्यांनी आयुष्यभर टिपलेलं. पुस्तक छापायचं होतं आणि फोनवरही वाचता यायला हवं होतं. फाईलमध्ये 'ॲ'चे तिन्ही प्रकार. मी ठरवलं, आता साफसफाई. शोधा-बदला उघडलं आणि त्या अदृश्य जोडखुणा सगळ्याच्या सगळ्या पुसून टाकल्या. मुद्रितशोधन आधीच झालं होतं. पाच-सहा ठिकाणचे 'ॲ' तपासले, सरळ केले, आणि फाईल पाठवून दिली.

आठवड्याने मास्तरांचा फोन. आवाज शांत होता. म्हणाले, "अहो, तुम्ही माझ्या सगळ्या दऱ्यांत पाणी भरलंत."

मास्तरांनी 'दऱ्या' हा शब्द जुन्या पद्धतीने टाइप केला होता: र, त्याचा पाय मोडलेला, पुढे तीच अदृश्य जोडखूण, मग या. 'र'चा रफार होऊ नये, तो आडवा राहावा, हे त्या जोडखुणेचं काम. ती गेली की 'र' उडी मारून 'या'च्या डोक्यावर बसतो. आधीचं आणि नंतरचं असं:

```
0926 0930 094D 200D 092F 093E
0926 0930 094D 092F 093E
```

वरची ओळ दऱ्या, खालची दर्या. 'घाटमाथ्यावरून खाली खोल दर्या दिसतात.' तिसऱ्या दिवसाचा तिसर्या झाला, पायऱ्यांच्या पायर्या, वाऱ्याचा वार्या. बाकीचे शब्द निदान चुकीचे तरी दिसतात. 'दर्या' हा अस्सल शब्द. शुद्धलेखन तपासणारी कुठलीही यंत्रणा त्याला अडवणार नाही. आणि माझ्या परीक्षेच्या मशीनवर? तिथे हे शब्द अगदी स्वच्छ होते. एकही चौकोन नाही.

छपाई व्हायची होती म्हणून निभावलं. फोनवरची प्रत मात्र तोवर वाचकांकडे गेली होती.

या कामातल्या इतरांबद्दल माझी मतं फारशी चांगली नाहीत. काही महाभाग पानाचं चित्र काढून पाठवतात आणि म्हणतात, कुठेही सारखंच दिसतं. दिसतं खरं, शोधता येत नाही, मोठं करून वाचता येत नाही, आंधळ्या माणसाला यंत्राकडून ऐकता येत नाही. फॉन्ट करणारे काहीजण एका अक्षराच्या नऊ जाड्या काढतात आणि आडवा 'र' विसरतात. मग 'ऱ' खाली ठिपका आणि पाय मोडून लंगडत उभा. मास्तरांच्या फोनपर्यंत मी यांच्यावर मोठ्याने हसत असे.

आता क्रम मुलीने ठरवलाय आणि भिंतीवर लावलाय. आधी र, पायमोड आणि जोडखूण या तिघांच्या जागी 'ऱ' आणि पायमोड. युनिकोडला आडव्या 'र'साठी तेच लिहिणं अपेक्षित आहे, आणि त्यात अदृश्य काही उरत नाही. मग 'ॲ'च्या दोन्ही नकली जोड्यांच्या जागी खरा 'ॲ'. उरलेल्या जोडखुणांना हात लावायचा नाही, एकेक बघायची. कुणी 'क्‍ष' सुटा दाखवायला ठेवली असेल, कुणी अर्ध्या अक्षरासाठी. शेवटी 'दर्या' शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचायचं. कोकणच्या पुस्तकात तो खराही असतो.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आडवा 'र' आणि रफार यांतला फरक आता मला बारा पॉइंटात दिसत नाही, म्हणून हे शेवटचं वाचन तीच करते.

ग्रंथालयाची सूची आम्ही या क्रमाने पुन्हा केली. तिथलं एक जुनं मशीन अजून चालू आहे, आणि त्यावर ॲडव्होकेटांच्या डोक्याशी पुन्हा चौकोन आलेत. येत्या शनिवारी फॉन्ट टाकायला आम्ही दोघं जातोय.