दोन की चार?

दिवाळीच्या सुट्टीआधीची ती संध्याकाळ आठवली, की अजून मन ओशाळते. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गोदाकाठच्या गावी, शाळेच्या अंगणात मी मुलांना दुर्बिणीतून तारे दाखवीत होतो. दुर्बीण लहानशीच, पुढचे भिंग ५० मिलिमीटर रुंदीचे.

वायव्येला अभिजित चमकत होता. त्याच्या शेजारी स्वरमंडळात एक फिकी चांदणी आहे. दुर्बिणीतून तिच्या दोन होतात आणि त्या दोहोंतली प्रत्येक पुन्हा जोडीच असते, असे मी पुस्तकात वाचले होते.

"चार दिसतात ना रे?" मी विचारले. पोरे एकामागून एक "हो गुरुजी" म्हणत गेली. एकटाच म्हणाला, "दोनच हायत गुरुजी. पण एक उभी लांबट, भुईमुगाच्या शेंगेवानी; दुसरी आडवी."

मी त्याच्यावर खेकसलो. खरे तर मलाही दोनच दिसल्या होत्या!

मुले गेल्यावर मी अधिक ताकदीचे नेत्रभिंग लावले. ठिपके मोठे आणि पुसट झाले, फुटले मात्र नाहीत. कारण मला पुढे उमगले. तारा आपल्याला बिंदूएवढाच. पण त्याचा प्रकाश गोल भिंगातून येताना थोडा पसरतो आणि बिंदूच्या जागी इवलीशी चकती उमटते. भिंग जितके रुंद, तितकी चकती लहान. नेत्रभिंग ताऱ्यांतले अंतर वाढवते खरे, पण चकत्याही तेवढ्याच फुगवते.

चकतीभोवती एक काळे वलय असते. एकीचा मध्य दुसरीच्या या वलयावर पडला, की तारे वेगळे ओळखू येतात, हा लॉर्ड रॅले यांचा नियम. हिशेब सोपा आहे: १३८ ला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागावे, उत्तर विकलांत येते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. माझ्या भिंगाची मर्यादा आली सुमारे २.८ विकला, त्या जोड्यांतले अंतर २.३ च्या आसपास. म्हणजे चकत्या एकमेकींवर चढणार आणि जोडी लांबट दिसणार. दोष दुर्बिणीचा असता तर दोन्ही ठिपके एकाच दिशेला ताणले गेले असते. एक उभा, एक आडवा, हे पोराने खरेच पाहिले होते!

पुढे एका स्नेह्याकडून ८० मिलिमीटरची दुर्बीण आणली. तिची मर्यादा १.७ विकला. त्या पोरालाच आधी बोलावले. हवा थरथरत होती. ती निवळेपर्यंत तो डोळा लावून बसला. मग हळूच म्हणाला, "चार!" मी पुठ्ठ्याला ५० मिलिमीटरचे गोल भोक पाडून भिंगावर बसवले. "पुन्हा शेंगा झाल्या, गुरुजी." पुठ्ठा काढला, पुन्हा चार.

दुसऱ्या दिवशी वर्गात, सर्वांसमोर, मी सांगितले की त्या संध्याकाळी खरे एकानेच पाहिले होते, आणि तो मी नव्हतो.