आजचा बांगडा

हर्णै

ताई,

‘धाकटीला पाटी जमतेय का?’ असं तू आयेला विचारलंस. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून आजचंच लिहिते.

अंधारातच सुवर्णदुर्गाच्या अलीकडे दोन बोटी नांगरल्या. एक चार दिवसांनी आलेली, दुसरी रात्री जाऊन पहाटे परतलेली. दोन्हींवरचा बांगडा होडीतून आणि मग बैलगाडीतून वाळूवर आला. पहिलीच्या पाट्या वरून चकचकीत होत्या. मी मनगटापर्यंत हात घालून तळाचा बांगडा उचलला, तर तो लोंबला. पोटावर बोट दाबलं तिथे खड्डा तसाच राहिला, आणि कल्ले तपकिरी. वरचा थर काल रात्रीचा, खालचा पहिल्या दिवसाचा! असला माल दापोलीत उन्हात बसला की पोट फुटतं. शिवाय बांगडा मध्येच कधी बर्फाविना तापला असेल, तर खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. कालवण कितीही उकळा, तो दोष जात नाही.

दुसरीचा बांगडा काठीसारखा ताठ होता, कल्ले लालभडक. पण लिलाव साठ किलोच्या अख्ख्या ढिगाचा. एकटीला कसा झेपणार? आत्याने मला आणि शेजारच्या काकूला डोळ्याने खुणावलं. तिघींच्या वतीने बोलली तीच. माझा आवाज अजून फुटत नाही गं. समोर मुंबईला गाडी पाठवणारा व्यापारी, कानाला फोन लावून. तो पाच हजार तीनशेवर गप्प झाला आणि आत्याने पाच हजार चारशेला ढीग घेतला.

माझ्या वाट्याला वीस किलो आले, अठराशेचे. बर्फ आणि रिक्षा मिळून दोनशे. किलोत सात धरले तर एकशे चाळीस नग. पाचाचा वाटा शंभरला लावला. चोवीस वाटे गेले. उन्हं चढल्यावर बर्फ वितळला, तेव्हा उरलेले चार साठ-साठला देऊन टाकले. आये म्हणाली, थांबायचं होतंस. पण मऊ पडलेला बांगडा आज एखाद्या बाईला शंभरला खपवला, तर उद्या ती दुसऱ्या पाटीसमोर बसते. सगळं वजा जाता सहाशे चाळीस राहिले.

एक मात्र डोक्यातून जात नाही. तो व्यापारी का थांबला? माल तर त्यानेही हात घालून पाहिला होता. मला वाटतं, मुंबईत आज बांगडा उदंड उतरला असणार आणि ते त्याला फोनवर कळलं. आम्ही कदाचित दोन-तीनशे जास्तच मोजले.

भावजी रोज पहाटे भाऊच्या धक्क्यावर जातातच. तिथला बांगड्याचा भाव आमचा लिलाव लागायच्या आत मला फोनवर टाकायला सांगशील? पापलेटचा नको, तो ऐकूनही काय करू!

तुझी,
धाकटी