आधी गल्ला की आधी सावकार?

आज पिकाचं नाही, घरातल्या हिशेबाचं लिहितोय.

दोन गायींच्या दुधातून पेंड, वैरण आणि घरखर्च भागून आमच्याकडे महिन्याला 4000 रुपये उरतात. डोक्यावर सावकाराचे 40 हजार, शेकडा 3 नं. म्हणजे महिन्याला 1200 नुसतं व्याज. सोसायटीचं पीककर्ज वेगळं.

गेल्या वर्षी ठरवलं, सगळे 4000 सावकारालाच द्यायचे. तीन महिने दिले. चौथ्या महिन्यात व्होल्टेज कमी पडून विहिरीवरची मोटर जळाली. वाइंडिंगला आणि ती वर काढायला मिळून 7000 गेले. हातात दमडी नव्हती. परत त्याच दारात. नड दिसल्यावर यावेळी त्यानं शेकडा 5 लावले. तीन महिन्यांत फेडलं होतं जेमतेम साडेआठ हजार, त्यातलं बहुतेक परत अंगावर आलं, तेही महाग.

मग यंदा 40 हजारांवरच परत सुरुवात केली, पण वाटणी बदलली. 4000 मधून व्याज आधी, 1500 बँकेत घरच्यांच्या नावावर आणि उरतील ते मुद्दलात. सहा महिन्यांत बँकेत 9000 झाले की तिथं थांबायचं. 9000 च का? एक मोटर आणि एक गायीचं आजारपण एवढ्यात निघतं. तोवर मुद्दल साडेएकतीस हजारांच्या आसपास येतं, आणि पुढं पूर्ण 4000 सावकाराला दिले की आणखी दहाएक महिन्यांत तो मिटतो.

सगळं त्यालाच दिलं असतं तर तीन महिने आधी मिटलं असतं, हे खरं. बँकेतले 9000 वजा करून हिशेब केला तर तीन-साडेतीन हजार जादा व्याज जातं. मी ते मोटरीचा विमा समजतो.

पीककर्जाला मात्र आधी हात लावत नाही. 3 लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर सवलतीनं व्याज जवळपास शून्य पडतं. त्याची तारीख तेवढी चुकवायची नाही, ते सोयाबीनच्या पैशातून जातं.

भाद्रपदात गायीला कासदाह झाला. डॉक्टर, औषधं मिळून 1800 लागले. बँकेतून काढले, सावकाराकडं गेलो नाही. पुढच्या महिन्यात त्याला फक्त व्याज दिलं आणि खड्डा आधी भरला. हाच नियम ठेवलाय. बियाणं, खत, लग्नातला आहेर यांना त्या पैशातून काही नाही. त्यांची तारीख आधी माहीत असते. पासबुक घरच्यांकडं आहे, माझ्याकडं असतं तर आहेर कधीच निघाला असता.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. सावकार थोडं थोडं मुद्दल घेतो का? काहीजण एकरकमीच मागतात. आणि घेत असेल तर दर वेळी वहीत मुद्दल वेगळं, व्याज वेगळं लिहून समोर सही घ्या.

तुमच्याकडं शेकडा किती चाललाय?