तीन टिकल्या आणि एक पट्टी

"आई, बाईंनी काहीतरी आणायला सांगितलंय. उद्याच."

"काय गं?"

"पट्टी. दोरा. आणि ते भिजवायचं असतं ना, ते."

जेवणं झाली होती, मी ओटा पुसत होते, आणि चौथीतली लेक दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर चिंता होती, पण घाई नव्हती. काहीतरी आपल्याजवळ आहे, फक्त सापडत नाही, अशी ती शोधाशोध होती. मला ही मुद्रा फार आवडते. वहीत एक ओळ लिहिलेली होती, 'प्रयोग – बी', आणि त्यापुढे पेन्सिलीचा एक फराटा.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं सोपं आहे. कापसात मटकी पेरायची आणि रोप किती वाढतंय ते रोज पट्टीनं मोजायचं. हो ना?"

"हो," ती लगेच म्हणाली.

फारच लगेच. मी विचारलं, "कापूसच म्हणाल्या का बाई? की माती?"

"माती पण म्हणाल्या असतील."

म्हणजे कापूसही वर्गातून आलेला नव्हता आणि मातीही. दोन्ही आम्ही दोघांनी तिच्या हातात ठेवले होते, आणि तिनं ते ठेवून घेतले होते. मुलं खोटं बोलत नाहीत अशा वेळी. मोठं माणूस खात्रीनं काही विचारतं, तेव्हा त्याला नक्की ठाऊक असणार असं त्यांना वाटतं, म्हणून ती हो म्हणतात. आणि एकदा हो म्हटलं की तो कापूस आठवणीत जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी ती शपथेवर सांगेल, बाई कापूसच म्हणाल्या. पालकांच्या ग्रुपवर तोवर एका आईनं कुंडी लिहिली होती, दुसरीनं मोड आलेले मूग, तिसरीनं नुसतंच 'आम्हालाही माहीत नाही'. मी फोन पालथा घातला.

साक्षीदारांना प्रश्न कसे विचारावेत, याचा रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात बारकाईनं विचार केला. त्यांची पद्धत पोलिसांसाठी होती, पण तिच्यातल्या गोष्टी स्वयंपाकघरातही चालतात. माणसाला आधी मनानं त्या जागी परत न्यायचं. आठवेल ते सगळं सांगू द्यायचं, क्षुल्लक वाटलं तरी. उत्तर प्रश्नातच दडलेलं असेल असा प्रश्न विचारायचा नाही. आणि गप्प राहायचं. मला यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण मुलाचं आठवणं आपल्यापेक्षा संथ चालतं आणि नेमक्या त्याच रिकाम्या जागेत आपण बोलून जातो.

मी हात पुसले आणि तिच्याजवळ खाली बसले.

"बाई सांगत होत्या तेव्हा तू कुठं बसली होतीस?"

"खिडकीपाशी."

"बरं."

"खिचडीचा वास येत होता." थांबली. "मग बेल झाली. सगळे उठले. बाई मोठ्यांदा सांगत होत्या, पण डब्यांचा आवाज होता."

तर असं होतं. सूचना मधल्या सुट्टीच्या बेलखाली सापडली होती. त्यात चार-पाच पायऱ्यांचं काम, तेही तोंडी. या वयाच्या मुलाच्या मनात एका वेळी इतकं मावत नाही. वस्तू राहतात, कारण पट्टी, दोरा, ग्लास डोळ्यांपुढे येतात. त्या वस्तूंचं एकमेकांशी काय करायचं, हे मात्र निसटतं. 'ऐकलं नाहीस का नीट?' हा प्रश्न अशा वेळी निरुपयोगी असतो. तिनं ऐकलं होतं, जेवढं पोचलं तेवढं.

"फळा कसा दिसत होता?"

"ग्लास होता."

मी तिच्यापुढे पाठकोरा कागद आणि पेन्सिल सरकवली. मुलं चित्र काढता काढता जास्त बोलतात. हातातलं काम त्यांना नजरेच्या दडपणातून सोडवतं. तिनं ग्लास काढला. त्यात पाण्याची नागमोडी रेघ. मग मधोमध एक उभी जाड रेघ, ग्लासाच्या काठावरून वर गेलेली. आणि त्या रेघेवर तीन टिकल्या: एक तळाशी, एक बरोबर नागमोडी रेघेवर, एक वर, कोरड्यात.

मी काहीच बोलले नाही. बाबांनाही डोळ्यांनी थांबवलं.

"ही पट्टी आहे!" ती एकदम म्हणाली. "ह्याच्यावर बिया बांधायच्या. दोऱ्यानं. आणि बाई म्हणाल्या, मधलीकडे लक्ष ठेवा."

पट्टी मोजायला नव्हतीच. ती नुसती काठी होती. प्रयोग आता पुरता उभा राहिला: बी रुजायला पाणीही लागतं आणि हवाही. वरच्या बीला हवा आहे, पाणी नाही. तळाच्या बीला पाणी आहे, पण पाण्यात विरघळलेली हवा अगदी थोडी. मधलीला दोन्ही. जाणकारानं मांडलेला सुंदर प्रयोग आहे हा, कारण ग्लास, पाणी, ऊब, उजेड सगळं तिघींना एकच आणि फरक फक्त जागेचा.

एक प्रश्न उरला. सामान न्यायचं, की प्रयोग करून न्यायचा?

तिनं डोळे मिटले. बराच वेळ. "नाही आठवत."

मी ते उत्तर तसंच राहू दिलं. जे पोचलंच नाही ते कितीही खणलं तरी सापडत नाही, आणि आणखी विचारत राहिलं तर मूल ते तयार करून देतं. म्हणून आम्ही सामान पिशवीत भरलं आणि घरी एक ग्लास वेगळा मांडला. मटकी फार बारीक, म्हणून डब्यातले पावटे घेतले. पावटा गुळगुळीत असतो, दोरा सटकतो. आडवा-उभा असा दुहेरी वेढा घातला तेव्हा कुठं बसला. पाणी मधल्या पावट्याच्या निम्म्यापर्यंत. ही पातळी रोज बघावी लागते. पाणी उडून खाली गेलं की मधलाही कोरडा पडतो आणि काही कळेनासं होतं.

शाळेत सामानच हवं होतं. घरचा ग्लास मात्र खरा रंगला. आधी तळाचा पावटा फुगला, त्याची साल उकलली आणि पांढरं टोक दिसलं. लेक रडवेली झाली. "बाई तर मधलीच म्हणाल्या होत्या!"

"बाई काय म्हणाल्या होत्या?"

"मधलीकडे लक्ष ठेवा."

"एवढंच ना?"

"एवढंच." तिचा आवाज बदलला. "खालची रुजणार नाही असं नव्हत्या म्हणाल्या."

फुगायला नुसतं पाणी पुरतं. थोड्या हवेवर टोकही बाहेर येतं. पुढच्या वाढीला मात्र बीला भरपूर श्वास घ्यावा लागतो, आणि तिथं तळाची बी अडकते. मधल्याचं मूळ खाली पाण्यात उतरत गेलं, तळाचं जिथल्या तिथं राहिलं. मग तळाशी पाणी गढूळ झालं, आंबूस वास आला, आणि तो पावटा बोटाला मऊ लागला. वरचा डब्यातून काढला तसाच टणक.

"खालच्याला आधी मोड आला होता, ते लिहू का? बाईंनी ते सांगितलं नव्हतं."

"तू पाहिलंस ना?"

तिनं लिहिलं. खाली तिन्ही पावट्यांचं चित्र काढलं आणि तळाच्याला करडा रंग दिला. आता ओट्यावर दुसरा ग्लास आहे. त्यात टोक दिसलं की लगेच तळाचा पावटा सोडून मधल्याच्या शेजारी बांधायचा, आणि तो वाचतो का ते बघायचं, असं तिचं ठरलं आहे. हे तिला कुणीच सांगितलेलं नाही.