आधी पायरी, मग ताल

जयसिंगपूरची जमीन सपाट आणि काळी. इथे घर बांधताना चढ-उताराचा विचार कुणी करत नाही. आम्ही बागेसाठी जागा घेतली ती मात्र आळत्याकडे, रामलिंगच्या डोंगराच्या पायथ्याशी. रस्त्यापासून वरच्या कुंपणापर्यंत पाण्याची लेव्हल-नळी धरून मोजलं, तर उतार 9 फुटांचा भरला. माती मुरमाड, आणि थोडं खणलं की काळा दगड. म्हणून सिमेंट न लावता दगडावर दगड रचून ताल घालायचं ठरवलं.

शेजारच्या प्लॉटवर एकच उंच सिमेंटची भिंत होती, आणि ती पावसाळ्यात आडवी झालेली आम्ही पाहिली होती. तिच्यात पाणी निघायला भोकंच नव्हती. आमचे मिस्त्री वयस्कर, दगडातच आयुष्य गेलेले. ती भिंत बघून म्हणाले, "माती न्हाई वो ढकलत एवढी, पाणी ढकलतंय. त्याला वाट द्या."

मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. म्हणजे 9 फुटांच्या एका तालीवर जेवढा रेटा येईल, त्याच्या नवव्या हिश्श्याइतकाच 3 फुटांच्या तालीवर येतो. म्हणून आम्ही तीन ताली घेतल्या. मात्र त्या एकमेकींच्या अगदी मागे असल्या, तर वरचीचं ओझं खालचीवरच येतं. दोन तालींमध्ये उंचीच्या निदान दुप्पट, म्हणजे 6 फूट अंतर हवं. आम्ही 9 फूट ठेवलं, आणि तेच लागवडीचे टप्पे झाले.

तालीची उंची 3 फूटच का, हे पायऱ्यांनी ठरवलं. चालणाऱ्याचं पाऊल एका मापाचं असतं. त्यामुळे पायरीची उंची दोनदा आणि तिची खोली एकदा, अशी बेरीज 24 ते 26 इंच आली की पाय अडखळत नाही. फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने सतराव्या शतकातच हा हिशेब मांडला होता. बागेत चाल संथ असते, हातात घमेलं असतं, म्हणून आम्ही वरचं टोक धरलं: उंची 6 इंच, खोली 14 इंच. 3 फुटांत अशा बरोबर सहा पायऱ्या बसतात. सहावी पायरी म्हणजे वरचा टप्पाच, तेव्हा मध्ये फक्त पाच दगड आणि त्यांना लागणारी जागा पाच फूट दहा इंच. प्रत्येक दगड 16 इंच खोलीचा घेतला, कारण मागचे 2 इंच वरच्या पायरीखाली दाबायचे होते. पाणी साचू नये म्हणून दगडाला पुढे किंचित उतार दिला. उंच्या मात्र वाटेवर फरशी बसल्यानंतरच्या तयार पातळीपासून मोजाव्या लागतात. नाहीतर पहिली पायरी बुटकी होते आणि नेमका तिथेच माणूस ठेचकाळतो.

तालीचा पाया घट्ट मुरमात एक फूट खोल घेतला. तळाला रुंदी 2 फूट, माथ्याला दीड. दर 6 इंच उंचीला एक इंच मागे, असा तोंडाला कल. प्रत्येक दगड दोन दगडांवर बसेल आणि उभा सांधा वर चालत जाणार नाही, यावर मिस्त्रींची नजर होती. मध्ये तीन-चार फुटांवर तालीच्या आरपार जाणारा लांब दगड टाकला. कपच्या मागून ठोकल्या, पुढून नाही. पुढून ठोकलेली कपची पुढे-मागे निसटते. मागे फूटभर खडी आणि खडी व मुरमाच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी निघेल पण माती वाहून येणार नाही. भरावाचा मुरूम 6-6 इंचांच्या थरांनी धुमसला. जयसिंगपूरची काळी माती तिथे आणायची नाही, हे मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं. ती भिजली की फुगते, सुकली की फाटते आणि दरवर्षी दगड थोडा थोडा पुढे सरकवते. ती फक्त वाफ्यांच्या वरच्या थरात शेणखत घालून मिसळली.

वरचा टप्पा लवकर सुकतो, तिथे कोरफड आणि गवती चहा. मधल्यावर कढीपत्ता आणि लिंबू, तालीपासून पाच फूट आत. ओल टिकणाऱ्या खालच्या भागात अळू आणि केळी. माथ्याच्या कडेने वाळा लावला. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरतात.

दर पावसाळ्यानंतर आम्ही माथ्यावरून ओळंबा सोडतो. तालीचं तोंड वरपासून खालपर्यंत एकसारखं पुढे येत गेलं पाहिजे. मध्येच पोट सुटलेलं दिसलं, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा. सांध्यातून गढूळ पाणी आलं, तर मागचं कापड फाटलं असं समजायचं. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच उपटायचं. एवढ्या देखरेखीवर 3 फुटांची ताल टिकते. चार फुटांपुढे जायचं असेल, तर मात्र इंजिनिअरकडून हिशेब करून घेतल्याशिवाय दगड रचू नये.