चौतीस स्लाइड्स आणि एक प्रश्न

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. नदीच्या दोन्ही काठांना ऊस आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून तोडकरी कुटुंबं येतात, शेताकडेला कोप्या उभ्या राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच संसार चालतो. या कोप्यांवरच्या मुलांसाठी आमचा एक छोटा गट संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. नवीन कार्यकर्त्यांना पहिल्या रविवारी एक प्रेझेंटेशन दाखवलं जातं. त्यात चौतीस स्लाइड्स आहेत. यंदा त्यांतून पुस्तिकेचं एक प्रकरण तयार करायचं काम माझ्याकडे आलं. कर्तव्यं, वागणूक आणि संपर्क असे त्याचे तीन भाग ठरले होते.

मला वाटलं, दोन संध्याकाळी पुरतील. स्लाइडवरचे मुद्दे उचलायचे, वाक्यं पूर्ण करायची, झालं. तसा पहिला खर्डा मी केलाही. तो वाचला तेव्हा लक्षात आलं की त्यात काहीच नाही. ‘मुलांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी.’ कोणी? कधी? काय करून? स्लाइडसमोर एक माणूस उभा असतो आणि ही उत्तरं तो तोंडाने देतो. पुस्तिका रात्री आठ वाजता, कोपीबाहेर, मोबाईलच्या उजेडात उघडली जाते. तिथे बोलणारा कोणी नसतो.

म्हणून मी उलटा गेलो. दरवर्षी हे प्रशिक्षण देणाऱ्या आपांसमोर लॅपटॉप घेऊन बसलो आणि प्रत्येक स्लाइडला विचारलं, “आपा, हे दाखवताना तुम्ही बोलता काय?” त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेलो. सुरक्षिततेच्या त्या एका ओळीमागे त्यांची चार वाक्यं होती. वर्ग सुरू होताना आणि संपताना मुलं मोजायची. अंधार पडण्याआधी वर्ग सोडायचा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर वर्ग बसवायचा नाही. लहान मूल एकटं परत पाठवायचं नाही, आई-बापाच्या किंवा थोरल्या भावंडाच्या हाती द्यायचं. हीच आमची कर्तव्यं निघाली. ‘प्रेरणा’ आणि ‘आपला प्रवास’ या विषयांच्या नऊ स्लाइड्स मी सरळ वगळल्या. त्या ऐकायला चांगल्या आहेत, पण अडचणीत कोणी त्या शोधत नाही.

वागणुकीच्या भागात फोटोवर सगळ्यात जास्त वाद झाला. स्लाइडवर होतं, ‘फोटो काढताना संवेदनशीलता बाळगावी.’ संवेदनशील तर प्रत्येकजण स्वतःला समजतोच. आता पुस्तिकेत आहे: मुलांचे चेहरे दिसतील असा फोटो काढायचा नाही. हजेरीसाठी पुरावा हवा असेल तर वहीचा फोटो काढा. आई-वडिलांची परवानगी असली तरी स्वतःच्या स्टेटसला लावायचा नाही. एकाने विचारलं, परवानगी असेल तर काय हरकत? मी म्हणालो, मुकादमाची उचल घेऊन आलेला माणूस आपल्या पोराला फुकट शिकवणाऱ्याला ‘नको’ कसा म्हणेल? तो होकार खरा धरता येत नाही.

खरी गोष्ट होती तिसऱ्या भागात. एकतिसाव्या स्लाइडवर एकच ओळ होती: ‘कोणतीही अडचण आल्यास समन्वयकांना कळवावे.’ त्या ओळीने गेल्या हंगामात आमचा घात केला होता. पंधरा वर्षांची एक मुलगी वर्गात म्हणाली होती की गावी परतलो की माझं लग्न आहे. आमच्या कार्यकर्तीने नियमाप्रमाणे समन्वयकाला मेसेज केला. समन्वयक घरच्या आजारपणात होता. मेसेज सहा दिवस तसाच पडून राहिला. सातव्या दिवशी कोपी मोडलेली होती, ट्रॅक्टर गेला होता आणि मुलीच्या गावाचं नावही आमच्यापैकी कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. समन्वयक म्हणजे मीच.

म्हणून संपर्काचं पान पदांप्रमाणे न लावता घटनांप्रमाणे लावलं. डावीकडे काय घडलं, उजवीकडे कोणाला फोन. अपघात किंवा साप चावला तर १०८. मारहाण चालू असेल तर ११२. बालविवाहाची कुणकुण लागली तर १०९८, तीही त्याच संध्याकाळी. ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हे स्लाइडवर होतं आणि ते बरोबरही आहे. पण कोणत्या गावचे? मुलगी आज दौंड तालुक्यात आहे, लग्न होणार बीडमधल्या एखाद्या गावात. इथल्या ग्रामसेवकाच्या हद्दीत ते लग्न होणारच नाही. १०९८ वरून मात्र निरोप दुसऱ्या जिल्ह्यातल्या यंत्रणेपर्यंत पोचू शकतो. आधी माहिती असेल तर न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करू शकतात, आणि मनाई मोडून लावलेलं लग्न कायद्याने ठरतंच नाही. म्हणून फोन करण्याआधी चार गोष्टी वहीत हव्यात: मुलीचं वय, मूळ गाव आणि तालुका, लग्नाची अंदाजे तारीख, आणि आज ती कुठे आहे. मूळ गावाचा रकाना आता हजेरीपत्रकातच टाकला आहे, म्हणजे ऐनवेळी विचारावं लागणार नाही.

लैंगिक अत्याचाराबाबत स्लाइडवर लिहिलं होतं, ‘संस्थेच्या पातळीवर निर्णय घेतला जाईल.’ हे वाक्य मी खोडलं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात असा निर्णय संस्थेवर सोडलेलाच नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानेच विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे यवत किंवा दौंड, अशी पोलीस ठाण्यांची हद्द बदलते आणि कोप्याही हंगामात जागा बदलतात. पण हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावी लागते, एवढं कार्यकर्त्याला माहीत असलं की पुरे. वागणुकीच्या भागातही त्यामुळे एक ओळ वाढली: मुलाला ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट म्हणजे अमानत, असं आपण घरात शिकतो. इथे ‘ज्यांनी तुला मदत करायला हवी त्यांनाच सांगेन’ इतकंच म्हणायचं आणि तेवढंच पाळायचं. गटाच्या ग्रुपवर नाव टाकायचं नाही.

समन्वयकाला फोन करायचाच आहे, पण नंतर. तो उचलला गेला नाही तर दुसरं नाव खाली आहे. पानाच्या तळाशी नंबर शेवटचे कधी लावून पाहिले ती तारीख. जुन्या स्लाइडवर १०९८ च्या जोडीला एका संस्थेचा नंबर होता. २०२३ मध्ये ही सेवा सरकारने आपल्याकडे घेतली, तरी तो नंबर आमच्याकडे तसाच राहिला होता.

छापण्याआधी प्रकरण एका नव्या मुलाच्या हातात दिलं. त्याने प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. मी गेल्या वर्षीच्या मुलीचीच गोष्ट सांगितली आणि विचारलं, “तू काय करशील?” त्याने पान उलटलं, बोट ठेवलं, म्हणाला, “१०९८.” मग थांबून म्हणाला, “सर, पण माझ्या मोबाईलला तिथे रेंज नसते.”

ते आम्ही कोणी लिहिलंच नव्हतं. आता प्रत्येक कोपीवस्तीच्या नावासमोर रेंज कुठे मिळते तेही लिहिलं आहे: पुलावर, डेअरीपाशी, शाळेच्या ओट्यावर. प्रकरण सहा पानांचं झालं. पुढच्या आठवड्यात पहिल्या कोप्या पडतील.